जेसीबी एक, हवा दोघांना

“माझी मुलगी साडेपाच वर्षांची, मुलगा सव्वातीनचा. घरात खेळणी ढीगभर आहेत, पण भांडण एकाच पिवळ्या जेसीबीवरून. ती ठोकळ्यांचा रस्ता करते, हा मध्येच येऊन जेसीबी ओढतो, ती त्याला ढकलते आणि मग दोघंही रडतात. कुठेतरी वाचून बैठकीत ‘शांतीचा कोपरा’ केला. चटई, उशा, भिंतीवर चित्रं, सगळं आहे. भांडले की दोघांना तिथे नेऊन बसवते आणि सॉरी म्हणायला लावते. आता कोपऱ्याचं नाव काढलं की धाकटा पळतो, आणि मुलीचं सॉरी नुसतं ओठांवरचं असतं. सासूबाई म्हणतात, ‘मोठी आहे ना, देऊन टाकावं.’ त्यांना उलट काही बोलणं मला जमत नाही. कोपरा बंद करू, की सरळ दुसरा जेसीबी आणू?”
— एक आई, इंदूर

ताई, कोपरा मोडू नका, पण आठ-दहा दिवस भांडणाच्या वेळी त्याचं नाव काढू नका. धाकटा पळतो, कारण त्याला त्या जागेचा अर्थ नीट कळला आहे. तिथे गेलं की खेळणं हातचं जातं, बसून राहावं लागतं आणि मनात नसलेलं बोलावं लागतं. सव्वातीन वर्षांच्या मुलाच्या लेखी ती शिक्षाच झाली, मग भिंतीवर कितीही फुलपाखरं लावा.

हे कोपऱ्याचं प्रकरण घरांमध्ये आलं ते बरंचसं मॉन्टेसरी बालवर्गांतून. तिथल्या दोन गोष्टी मात्र वाटेत गळून पडतात. एक म्हणजे, तिथे मुलांना कसं बोलायचं ते भांडण नसताना शिकवतात, छोटी नाटुकली करून. दुसरी, वर्गात प्रत्येक साधन एकच असतं आणि ज्याने उचललं त्याचं काम होऊन ते फळीवर परत जाईपर्यंत ते त्याचंच. म्हणजे वाट पाहणं हा तिथे रोजचा शिरस्ता असतो, आणि बोलण्याचा कोपरा त्या शिरस्त्यावर उभा असतो. आपण घरी फक्त चटई आणि उशा आणतो.

दुसऱ्या जेसीबीबद्दल. मुलं दोन वर्षांच्या आतबाहेरची असती तर मीच म्हटलं असतं, सारख्या दोन वस्तू आणा. त्या वयात वाट पाहायला सांगणं व्यर्थ. पण तुमच्या पत्रातलं भांडण पुन्हा एकदा डोळ्यांसमोर आणा. ती रस्ता करते आहे. तो येऊन जेसीबी ओढतो. तिला जेसीबी हवा आहे, की रस्ता मोडायला नको आहे? आणि त्याला तो घेऊन काय करायचं आहे? या वयाच्या मुलांना बरेचदा त्या खेळण्याचा एखादाच भाग हवा असतो, इथे बहुधा पुढचं फावडं वरखाली करायचं असेल. किंवा त्याला ताईच्या खेळात शिरायचं असतं आणि शिरायचं कसं ते माहीत नसतं, म्हणून तो वस्तू ओढतो. असं असेल तर दुसरा जेसीबी कपाटात पडून राहील आणि ओढाओढ पहिल्यावरूनच चालू राहील. कोपऱ्यातल्या बोलण्याचं खरं काम हेच, प्रत्येकाला नेमकं काय हवं होतं ते बाहेर काढणं. चूक कोणाची ते ठरवायला बसलात तर कोपऱ्याची कचेरी होते.

आता कोपरा जरा बदलू. त्याच जागी पण नव्याने मांडा, म्हणजे जुनी आठवण पुसायला मदत होईल. टीव्ही दिसणार नाही आणि कोणाच्या येण्याजाण्यात येणार नाही अशी चार फूट बाय तीन फूट जागा पुरे. उशा काढून टाका. उशी दिसली की मुलं एक तर लोळतात, नाहीतर ती एकमेकांवर फेकतात. दोन आसनं किंवा छोटे पाट ठेवा, समोरासमोर नकोत, काटकोनात ठेवा, मध्ये दोन-अडीच फूट अंतर. समोरासमोर बसलेली रागावलेली मुलं एकमेकांना वेडावतात, आणि याहून जवळ बसवली तर लाथ पोचते. तुम्ही जमिनीवर बसायचं, दोघांच्या मध्ये, पण पाठ भिंतीला लावून. वरून वाकून बोलणारं माणूस मुलांना न्यायाधीश वाटतं.

फळी एक लागेल, मुलांना दिसेल पण हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर. भांडणाचं खेळणं तिथे थांबणार. ते कपाटात बंद करू नका. डोळ्यांआड गेलं की धाकट्याला ते कायमचं गेलं असं वाटतं आणि पुढचं सगळं बोलणं रडण्यात वाहून जातं.

बोलण्याच्या पाळीसाठी हातात धरायची एक वस्तू हवी. शाळांतून बरेचदा फूल असतं. घरी जुन्या साडीच्या तुकड्याचं, आत कापूस भरलेलं, मुठीएवढं फूल शिवा. बुधनीचा लाकडी लट्टू किंवा नर्मदेचा गुळगुळीत गोटा दिसायला फार छान, पण रागावलेल्या हातातून तो सुटला तर कपाळावर टेंगूळ ठरलेलं. देवघरातली घंटाही नको, तिच्यावरून नवं भांडण होईल आणि सासूबाईंना ते आवडणारही नाही. शिवाय तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ घ्या, प्लॅस्टिकचं. मोबाईलचा टायमर लावू नका. वेळ सरताना दिसत नाही आणि भांडण जेसीबीवरून मोबाईलवर जातं. चित्रं तीनच ठेवा: रागाचं तोंड, रडकं तोंड, बरं वाटतंय असं तोंड. बाजारात बारा भावनांचे तक्ते मिळतात, त्यांतला फरक मोठ्यांनाही सांगता येत नाही. मुलीला वहीच्या पाठीमागे ही तीन तोंडं काढू द्या, म्हणजे कोपरा थोडा तिचाही होईल.

मग पाच-सहा दिवस फक्त तालीम. वेळ निवडा संध्याकाळच्या खाण्यानंतरची. पोटात सेव-परमल गेलेलं असलं की मुलं ऐकण्याच्या मनःस्थितीत असतात. रोज पाच मिनिटं, जास्त नाही. पहिल्या दिवशी सासूबाईंना सामील करा. तुम्ही दोघी टीव्हीच्या रिमोटवरून खोटं भांडा, जरा रंगवून. मग आसनांवर बसा आणि फूल हातात घेऊन बोला: “मला राग आला. माझी मालिका चालू होती.” दुसरीने ते परत म्हणायचं: “तुमची मालिका चालू होती.” आजी आईशी भांडते आणि आई फूल धरून बोलते, हे पाहायला मुलांना फार मजा येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोज्यांच्या बाहुल्या करून त्यांचं भांडण मुलांकडून सोडवून घ्या. चौथ्या दिवसापासून मुलांनी स्वतः खोटं भांडायचं, पण चमच्यासारख्या कोणाला फारशा न लागणाऱ्या वस्तूवरून. जेसीबी या सगळ्यात कुठेही येता कामा नये. या दिवसांत खरं भांडण झालं, तर खेळणं उचलून ठेवा, दोघांना वेगळं करा आणि तो विषय तिथेच सोडा.

सासूबाईंना यात घेण्याचं दुसरंही कारण आहे. ‘मोठीनं द्यावं’ हे त्या प्रेमाने म्हणतात, पण त्यातून मुलगी शिकते की हातातलं टिकवायचं तर भावाला लांब ठेवावं लागतं, आणि मुलगा शिकतो की जोरात रडलं की मिळतं. हे त्यांना समजावत बसू नका. समजावण्यापेक्षा त्यांच्याकडे वाळूचं घड्याळ सोपवा. “आई, वेळ तुम्ही सांभाळाल का? तुमचं ऐकतात दोघं.” घड्याळ उलटं करणाऱ्याला कोणाची बाजू घ्यावी लागत नाही. आणि त्यांच्या तोंडी असलेल्या वाक्याऐवजी एक वाक्य द्या, तालमीतच: “बाळ, तू काय करत होतीस ते त्याला सांग.”

भाषेचं एक. आपल्याकडे मुलं घरी मराठी बोलतात आणि भांडतात हिंदीत, कारण भांडणाची हिंदी शाळेतून आणि गल्लीतून शिकलेली असते. “मेरा है, पहले मैंने लिया था” हे त्यांच्या तोंडी अगदी तयार असतं. तुमच्या मुलांचंही तसं असेल तर कोपऱ्यात मराठीचा आग्रह धरू नका. “मुझे गुस्सा आया, मुझे ये चाहिए था” चालेल. रागात मुलाला दोन कामं देऊ नयेत, भावना शोधायचं आणि शब्द बदलायचं.

आता खरं भांडण. समजा, तेच झालं: रस्ता अर्धा झाला होता, त्याने जेसीबी ओढला, चार ठोकळे पडले, तिने ढकललं.

सगळ्यात आधी तुम्ही तिथे पोचा, लांबून आवाज देऊ नका. कोणाला लागलंय का ते बघा. मग जेसीबीवर हात ठेवा आणि सांगा, “हा मी धरते. तो फळीवर थांबेल.” एवढंच. खेळणं ज्याच्या हातात असतं तो ते सांभाळण्यात गुंतलेला असतो आणि दुसऱ्याची नजर त्यावरून हटत नाही, म्हणून ते दोघांच्याही हातून सुटल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही.

रडणं जोरात असेल तर थांबा. हुंदक्यांमध्ये शब्द शिरत नाहीत. ‘दीर्घ श्वास घे’ म्हटल्याने मुलं श्वास घेत नाहीत, उलट चिडतात. तुमचा तळवा पुढे करा: “हे गरम दूध आहे, फुंकर घाल.” तीन फुंकरा. फुंकर घालायची तर आधी श्वास आत घ्यावाच लागतो आणि मग तो लांब सुटतो, काम होऊन जातं. यातच दोन-तीन मिनिटं गेली तरी जाऊ द्या.

मग आसनांवर. फूल आधी धाकट्याला, कारण मनातली गोष्ट धरून ठेवायची त्याची ताकद कमी आहे. पाळी येईपर्यंत तो काय म्हणायचं तेच विसरेल. मुलीला हे कारण सांगा, आणि हेही सांगा की उपाय सुचवायची पहिली पाळी तिची. शब्द आधी धाकट्याचे, तोडगा आधी ताईचा.

धाकट्याकडून दोनच वाक्यांची अपेक्षा ठेवा. चित्राकडे बोट दाखवलं तरी पुरे.

तो: “मला राग आला. मला जेसीबी हवा.”

तुम्ही इथे एकच प्रश्न विचारायचा: “जेसीबीने काय करायचं होतं?”

तो: “असं वर... धुडूम.”

ती (फूल न घेता, फक्त परत म्हणायचं): “तुला फावडं वर करायचं होतं.”

आता फूल तिच्याकडे. तिला तीन वाक्यं जमतात: काय वाटलं, कशामुळे, काय हवं.

ती: “मला रडू आलं. तू माझा रस्ता मोडलास. मला रस्ता पुरा करायचा आहे.”

ते परत म्हणायची सक्ती धाकट्याला करू नका, त्याच्या वतीने तुम्ही म्हणा, “ताईला रस्ता पुरा करायचा आहे.” मग दोघांसमोर गणित मांडा: “जेसीबी एक. त्याला फावडं वर करायचंय. हिला रस्ता न मोडता पुरा करायचाय. काय करता येईल?”

आणि गप्प बसा. मनात दहापर्यंत मोजा. इथे सगळ्यात जास्त चूक होते, आपल्याला उत्तर दिसत असतं आणि आपण ते बोलून टाकतो. मुलीला सुचलं नाही तरच दोन पर्याय द्या, तीन नाही: “पाळी करायची, की एकत्र?” या उदाहरणात ती कदाचित म्हणेल, “तो इथे खाणीत भरू दे, मी तिथे रस्ता करते.” म्हणजे रस्त्याच्या एका टोकाला परातीत ठोकळे टाकले, जेसीबी त्याच्याकडे, रस्ता तिच्याकडे. असा तोडगा मोठ्यांना सहसा सुचत नाही, कारण आपण आल्याबरोबर वेळ वाटायला बसतो.

सॉरीचं काय? मागू नका. त्या जागी विचारा, “चार ठोकळे पडलेत, ते परत लावायला तू काय करशील?” त्याने दोन ठोकळे आणून दिले की झालं. ढकलल्याबद्दल तिला वेगळं सांगा, थोडक्यात आणि डोळ्यात बघून: “राग आला तर थांब म्हण, ढकलायचं नाही.” हे वाक्य भावासमोर पुन्हा पुन्हा काढू नका.

पाळी करायची ठरली तर दोन रीती आहेत. एक घड्याळाची: तीन मिनिटं तुझी, तीन माझी. दुसरी मॉन्टेसरी वर्गातली, काम पुरं होईपर्यंत तुझी. माझा कल दुसऱ्या रीतीकडे आहे, कारण मध्येच काढून घेतलेलं खेळणं मूल मनाने सोडत नाही, आणि “झालं माझं, घे” म्हणून स्वतः दिलेलं खेळणं सहज सुटतं. पण ती रीत दोघांचं वय थोडं वाढल्यावर चांगली चालते. सव्वातीनच्या मुलाला ‘रस्ता पुरा होईपर्यंत’ म्हणजे किती ते कळत नाही. म्हणून सुरुवात वाळूने करा, आणि मुलीची पाळी असेल तेव्हा घड्याळ दोनदा उलटू द्या, तिचं काम लांबीचं असतं. दोघांना अगदी समान मिनिटं हा मोठ्यांचा हट्ट आहे. मात्र हे वेगळं माप आधी सांगून ठेवा, पाळी सुरू झाल्यावर नाही.

करार मोडतो तो जवळजवळ नेहमी हातबदलाच्या क्षणी. आपण ‘चला, मिटलं’ म्हणून स्वयंपाकघरात जातो, वाळू संपते, ज्याची पाळी संपली तो देत नाही, आणि दुसऱ्याला कळतं की कोपऱ्यात ठरलेलं खरं नसतं. म्हणून सुरुवातीचे दोन-तीन आठवडे पहिला हातबदल होईपर्यंत तिथून उठू नका. वाळू थोडी उरली असताना सांगा, “शेवटचं एक भरून टाक, मग द्यायचं.” वाट पाहणाऱ्यालाही काम द्या: रस्त्यासाठी ठोकळे निवडणं, घड्याळावर नजर ठेवणं. रिकाम्या हाताने सव्वातीनचं मूल तीन मिनिटं थांबणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

धाकटा कोपऱ्यात यायलाच तयार नसेल तर उचलून आणू नका. तुम्ही आणि मुलगी बसा, फूल तुम्ही घ्या आणि त्याच्या वतीने मोठ्याने बोला: “त्याला बहुतेक फावडं वर करायचं होतं.” चुकीचं बोललात तर तो पडद्यामागून दुरुस्त करायला येईल. तेवढं येणंही पुरे. आणि एकट्याला कधीच तिथे धाडू नका. एकट्याने शांत व्हायची जागा वेगळी हवी, आजीची मांडी किंवा ओटल्याची पायरी, काहीही.

काही भांडणं कोपऱ्यात न्यायची नसतात. झोप आलेली, भूक लागलेली, ताप येऊ घातलेला, अशा वेळी जेसीबी निमित्तमात्र असतो. खाऊ घाला, झोपवा. रोज सात वाजता भांडण होत असेल तर जेवण साडेसहाला करून बघा, कोपऱ्याची अर्धी कामं कमी होतील. तसंच वाढदिवसाची बाहुली, झोपताना लागणारी गोधडी अशा एक-दोन वस्तू प्रत्येकाच्या नावाच्या डब्यात राहू द्या, त्यांच्यावर पाळी नाही. आणि चावणं, ओरबाडणं किंवा एक मूल दुसऱ्याला सतत घाबरून राहणं वाढत चाललं असेल, तर ते बोलण्याने सुटण्यातलं नाही, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

भांडणं लगेच कमी होतील असं धरून बसू नका. आधी बदलतं ते ओरडण्यापासून पहिल्या शब्दापर्यंतचं अंतर. पंधरा मिनिटांचं रडणं पाच मिनिटांवर आलं, मुलगी एखाद दिवशी स्वतःच फूल घेऊन आली, धाकटा ओढण्याआधी एकदा “मला दे” म्हणाला, तर गाडी रुळावर आहे. उलट मुलगी “चल कोपऱ्यात, आईला सांगते” असं धमकावू लागली, तर ती बोलण्यात वरचढ असल्याचा फायदा घेते आहे. काही दिवस तिची वाक्यं तीनवरून दोनवर आणा आणि धाकट्याला जास्त वेळ द्या.

संध्याकाळी बाबा घरी आले की “आज कोण भांडलं?” हा प्रश्न त्यांनी विचारायचा नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. मिटलेलं भांडण दारातच पुन्हा उघडतं. त्याऐवजी त्यांनी रस्ता कुठपर्यंत गेला ते विचारावं.